विमा लोकपालांकडे तक्रार: दीडशे कागदांतून कोणते जोडायचे आणि कोणत्या क्रमाने?

मुक्ता_पुणे
नमस्कार मंडळी. माझ्या काकांचा मेडिक्लेम कंपनीने नाकारलाय आणि आता विमा लोकपालांकडे तक्रार करायची आहे. प्रकरण थोडक्यात असं: पॉलिसी 12 जून 2021 पासून, दरवर्षी न चुकता नूतनीकरण. 9 नोव्हेंबर 2024 ला छातीत दुखून भरती, अँजिओप्लास्टी, बिल 4,12,000 रुपये. डिस्चार्ज समरीत 'चार वर्षांपासून बीपी' असं एक वाक्य आहे. त्यावरून कंपनी म्हणते, बीपी पॉलिसीच्या आधीपासून होतं आणि ते लपवलं. खरं म्हणजे बीपी पहिल्यांदा निघालं सप्टेंबर 2022 मध्ये, आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे.

कागद भरपूर आहेत, दीडशेच्या आसपास पानं. काकूंनी पिशवीतला प्रत्येक कागद मोबाईलवर स्कॅन करून मला पाठवलाय. चुलतभावाचं म्हणणं, सगळं जोडून टाक, काही राहायला नको. मला वाटतं, दीडशे पानं कुणी वाचणार नाही. कोणते कागद घ्यावेत, त्यांना नावं काय द्यावीत, क्रम कसा लावावा? ज्यांनी अशी फाईल केली असेल त्यांनी सांगावं.

कऱ्हाडकर
तारखेप्रमाणे लावा. पहिली पॉलिसी सगळ्यात खाली, शेवटचं पत्र सगळ्यात वर. सरकारी फाईल अशीच असते, वाचणाऱ्याला सवय असते.

सुलभाताई
मुक्ता, सगळंच जोड गं. आमच्या वेळी एक केमिस्टचं बिल राहिलं तर त्याच्यासाठी तीनदा पत्रव्यवहार झाला.

ठाणेकर७१
प्रत्येक पान नोटरी करून घ्या. आणि ईमेल जोडणार असाल तर 65बी चं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर ईमेल पुरावा म्हणून धरत नाहीत. माझ्या भावाच्या केसमध्ये याच्यावरून अडलं होतं.

जुना_विमेकरी
मुक्ताताई, मी विमा कंपनीच्या तक्रार विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमची तक्रार दाखल झाली की लोकपाल कार्यालय ती कंपनीकडे पाठवतं आणि कंपनी त्यावर आपलं टिपण देते. त्याला सेल्फ कन्टेन्ड नोट म्हणतात. पॉलिसी कधीची, भरती कधी, का नाकारलं, कोणत्या कलमाखाली, हे सगळं दोन-तीन पानांत आणि मागे मोजकी जोडपत्रं. ही नोट लिहिणारा माणूस रोज तेच काम करतो, त्यामुळे ती वाचायला सोपी असते. आता कल्पना करा, एका बाजूला ही नोट आणि दुसऱ्या बाजूला तुमची दीडशे मोकळी पानं. वाचणारा प्रकरण कुणाच्या कागदावरून समजून घेईल? कंपनीच्या. तुमची बाजू मग त्या गोष्टीवरची हरकत एवढीच उरते. म्हणून तुमची फाईल कंपनीच्या नोटइतकी सरळ हवी.

क्रमाचं म्हणाल तर वाचणाऱ्याच्या मनात आधी एकच प्रश्न असतो: ही तक्रार मी घेऊ शकतो का? तुम्ही आधी कंपनीकडे लेखी तक्रार केली होती का? तिचं उत्तर आलं का, किंवा एक महिना उलटून गेला का? उत्तर मिळाल्यापासून वर्षाच्या आत आलात का? हाच विषय ग्राहक आयोगात किंवा कोर्टात आहे का? हे पार पडलं की मग दुसरा प्रश्न, दावा द्यायला हवा होता का. त्यामुळे पहिली दोन जोडपत्रं हीच: कंपनीच्या तक्रार कक्षाला तुम्ही लिहिलेलं पत्र आणि त्यावरचं शेवटचं उत्तर. त्यानंतर मूळ नकारपत्र. पॉलिसी त्याच्याही मागे.

ठाणेकर, तुमचा मुद्दा कोर्टासाठी योग्य आहे, पण लोकपालांकडे पुराव्याचे नियम इतके ताणत नाहीत. वकीलही उभा करता येत नाही तिथे. नोटरीचा खर्च करू नका, स्वतःची सही करून साक्षांकित प्रत पुरते. शिवाय 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्यात ती तरतूद कलम 63 मध्ये गेली आहे.

ठाणेकर७१
कलम 63 चं माहीत नव्हतं. भावाची केस ग्राहक आयोगात होती, त्यामुळे तो फरक असणार. पण तिथे एक शिकलो ते इथेही चालेल: पानांना एकापाठोपाठ एक सलग नंबर. प्रत्येक कागदाला पुन्हा 1, 2, 3 नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच माळ. सुनावणीत 'पान 23 बघा' म्हटलं की सगळे एकाच पानावर येतात.

रेवाकाठ
मी इंदूरहून. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, आमच्या सोसायटीत बिल्डरने पार्किंग दिलं नाही, त्याची फाईल रेराकडे करायची आहे. त्यात फोटो किती लावावेत? साठ-सत्तर आहेत.

कऱ्हाडकर
रेवाकाठ, वेगळा धागा काढा, इथे मेडिक्लेम चाललंय. पण साठ फोटो नकोच. जागेचा एक नकाशा, त्यावर खुणा, आणि त्या खुणांचे चार-पाच फोटो.

विमेकरी साहेब, तारखेचा क्रम का नको ते अजून पटलं नाही. गोष्ट घडली तशी सांगितली तर माणसाला कळते.

जुना_विमेकरी
कऱ्हाडकर, गोष्ट तारखेनेच सांगायची, पण ती एका पानावर. फाईलच्या अगदी वर एक तक्ता: तारीख, काय झालं, जोडपत्र क्रमांक, पान. मुक्ताताईंच्या प्रकरणात त्यात आठ-नऊ ओळी पुरतील. मागचे कागद मात्र मुद्द्याप्रमाणे लावायचे. कारण वादाचा मुद्दा एकच आहे, बीपी जून 2021 च्या आधी होतं की नाही. तारखेने लावलं तर त्या मुद्द्याचा पहिला कागद फाईलच्या तळाशी जातो आणि दुसरा कुठेतरी मधे. वाचणाऱ्याने तो जोडत बसायचं.

मुक्ताताई, एक विचारतो. पॉलिसी घेताना काकांची तपासणी झाली होती का? वय किती होतं?

मुक्ता_पुणे
तेव्हा 58. हो, कंपनीने सांगितलेल्या लॅबमध्ये झाली होती, मे 2021 मध्ये. रिपोर्ट सापडला. त्यात बीपी 124/80 लिहिलंय. मी तो 'जुने रिपोर्ट' या फोल्डरमध्ये टाकून बाजूला ठेवला होता, कारण त्यात आजाराचं काहीच नाही.

जुना_विमेकरी
आजाराचं काही नाही हेच तर तुम्हाला दाखवायचं आहे! हा तुमच्या फाईलमधला सगळ्यात वजनदार कागद. कंपनीने स्वतः करून घेतलेली तपासणी, पॉलिसीच्या महिनाभर आधीची. त्याला स्वतंत्र जोडपत्र द्या. एका तपासणीने बीपी नव्हतंच असं शंभर टक्के सिद्ध होत नाही, गोळी चालू असेल तर आकडा नॉर्मल येतो असं कंपनी म्हणू शकेल. म्हणून त्याच्या लगेच मागे सप्टेंबर 2022 चा फॅमिली डॉक्टरांचा कागद लावा, ज्यात गोळी पहिल्यांदा सुरू झाली. दोन्ही मिळून बोलतात.

सुलभाताई
आणि ती डिस्चार्ज समरी, ज्यात चार वर्षं लिहिलंय? ती जोडूच नये ना? आपणच आपल्या विरुद्धचा कागद का द्यायचा?

ठाणेकर७१
बरोबर. त्यांना हवी तर ते जोडतील.

जुना_विमेकरी
ते जोडणारच, त्यांच्या नकाराचा सगळा पाया तोच आहे. तुमच्याकडून ती आली नाही तर फाईल अर्धवट दिसते आणि तुमच्या बाकीच्या कागदांवरचा विश्वासही कमी होतो. समरी पूर्ण जोडा, सगळी पानं. ते वाक्य जिथे आहे तिथे प्रतीवर समासात पेन्सिलने उभी रेघ मारा. मूळ कागदावर काही करू नका. तुमच्या तक्रारीत स्वतःहून लिहा की पान अमुकवर असा उल्लेख आहे, तो का चुकीचा आहे ते पुढच्या दोन जोडपत्रांवरून दिसेल.

डॉ_देशस्थ
मी डॉक्टर आहे, म्हणून त्या वाक्याबद्दल. अपघात विभागात रुग्ण येतो तेव्हा रेसिडेंट डॉक्टर घाईत हिस्ट्री घेतो. छातीत दुखणारा माणूस बोलत नसतो, सोबतचा नातेवाईक उत्तर देतो आणि तो अंदाजे सांगतो. तेच वाक्य मग ॲडमिशनच्या कागदावरून समरीत उतरतं. म्हणून समरीबरोबर इनडोअर केस पेपर मागून घ्या, त्यातलं पहिलं हिस्ट्रीचं पान. माहिती कुणी दिली ते पुष्कळदा तिथे लिहिलेलं असतं. केस पेपर पन्नास पानी असला तरी जोडायचं ते पान आणि पहिलं ॲडमिशनचं पान. नर्सिंग चार्ट, सलाईनच्या नोंदी, रोजचं तापमान यांचा तुमच्या वादाशी संबंध नाही.

मुक्ता_पुणे
डॉक्टर, केस पेपर मिळालाय. हिस्ट्रीच्या पानावर 'माहिती देणार: मुलगा' असं आहे. भाऊ दिल्लीला राहतो, तो त्याच दिवशी आला होता. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आता एक पत्रही दिलंय की तो कालावधी नातेवाइकाने सांगितल्यावरून लिहिला होता, त्याला तपासणीचा आधार नव्हता. ते पत्र सगळ्यात पुढे लावू का? सगळ्यात स्पष्ट तेच आहे.

जुना_विमेकरी
पुढे नको. दावा नाकारल्यानंतर आणलेलं डॉक्टरांचं पत्र वाचणारा जरा सावधपणेच वाचतो, कारण अशी पत्रं मागून मिळतात हे त्याला ठाऊक असतं. वाद उभा राहायच्या आधी तयार झालेल्या कागदाचं वजन जास्त. म्हणून मे 2021 चा रिपोर्ट, मग सप्टेंबर 2022 चा कागद, मग केस पेपरचं हिस्ट्रीचं पान, आणि शेवटी हे पत्र. तोवर वाचणाऱ्याला पत्रात काय असणार ते आधीच दिसलेलं असतं.

डॉ_देशस्थ
इथे मी थोडा असहमत. माझ्या अनुभवात उपचार करणाऱ्या डॉक्टरचं स्पष्ट पत्र असेल तर पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं. मी ते डिस्चार्ज समरीच्या पाठीला पाठ लावून ठेवीन, म्हणजे चूक आणि दुरुस्ती एकत्र.

जुना_विमेकरी
तसंही चालेल. दोघांत फार अंतर नाही, फक्त पत्रावर सगळा भार टाकू नका एवढंच.

टंकलेखक
मुक्ता, फाईलच्या नावांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंची नावं `IMG-20250118-WA0007.jpg` अशी असतात. त्यातली तारीख फोटो पाठवल्याची आहे, कागदाची नाही. तशीच अपलोड केली तर 2022 चा कागद 2025 चा वाटतो. नाव असं दे:

```
01_Grievance_Letter_2025-02-05.pdf
02_Final_Reply_2025-03-03.pdf
03_Rejection_Letter_2025-01-20.pdf
04_PrePolicy_Medical_2021-05.pdf
```

आधी दोन आकडी जोडपत्र क्रमांक, मग कागद काय आहे, मग कागदावरची तारीख, वर्ष आधी. 1 ऐवजी 01 लिही, नाहीतर काही ठिकाणी 10 नंबर 2 च्या आधी येतो. नाव इंग्रजी अक्षरांत ठेव, देवनागरी नावं काही संकेतस्थळांवर चौकोन होऊन येतात. एका जोडपत्राची पानं एकाच पीडीएफमध्ये, पाच वेगळे फोटो नकोत.

सगळं एकत्र करायचं तर लिनक्सवर एका ओळीत होतं:

```
pdfunite 0*.pdf Complaint_All.pdf
```

यात आकड्यांच्या क्रमानेच फाईल जुळते, म्हणून नावं आधी नीट हवीत. क्रमांक 10 पर्यंत किंवा त्याच्या पुढे गेला तर `0*` त्या फाईली पकडणार नाही, तेवढं बघ.

मुक्ता_पुणे
टंकलेखक, खूप उपयोगी. माझ्याकडे विंडोज आहे, पण भावाकडून करून घेते. अजून एक: फॅमिली डॉक्टरांचा 2022 चा कागद हाताने लिहिलेला आहे आणि अक्षर अगदी डॉक्टरांचं आहे. मला वाचता येतो कारण मला काय लिहिलंय ते माहीत आहे.

टंकलेखक
तोच खरा धोका. तुला माहीत आहे म्हणून वाचता येतं. त्या प्रतीच्या मागच्या पानावर टाईप करून दे: '17/9/22, बीपी 150/96, अम्लोडिपिन 5 मि.ग्रॅ. रोज एक, पंधरा दिवसांनी दाखवणे.' वर लिही 'वरील कागदाचा मजकूर'. जो शब्द लागत नाही तिथे 'अस्पष्ट' लिही, अंदाज नको. जमलं तर त्याच डॉक्टरांची सही त्यावर घे.

डॉ_देशस्थ
आणि त्या डॉक्टरांच्या रजिस्टरमध्ये त्या दिवसाची नोंद असेल तर त्या पानाची प्रत घ्या. सुटा कागद नंतर लिहिला असं म्हणता येतं, रजिस्टरमध्ये मागेपुढे दुसऱ्या रुग्णांच्या नोंदी असतात. मात्र त्यांची नावं झाकून द्यायला सांगा.

सुलभाताई
माझं बिलांचं अजून राहिलंच. चार लाखांची बिलं, ती कुठे गेली?

कऱ्हाडकर
सुलभाताई म्हणतात ते महत्त्वाचं आहे. पैसे मागताय आणि बिलच नाही?

जुना_विमेकरी
बिलांबद्दल मी असं करतो. हॉस्पिटलचं अंतिम बिल, ज्यात खोलीभाडं, स्टेंट, डॉक्टर, औषधं अशी विभागणी असते, तेवढं आणि पैसे भरल्याची पावती. औषधांची सुटी बिलं क्लेमसोबत कंपनीकडे आधीच गेलेली असतात. लोकपालांसमोर वाद 'द्यायचं का' हा आहे, 'किती द्यायचं' हा नंतरचा. सुटी बिलं वेगळ्या फाईलमध्ये तयार ठेवा आणि सूचीत एक ओळ लिहा: मागितल्यास सादर करू.

सुलभाताई
आमच्या वेळी मागितल्यावर द्यायला गेलो तर महिना गेला हो. मी तर म्हणते, वेगळ्या पीडीएफमध्ये का होईना, आत्ताच दे. मुख्य फाईल पातळ ठेव, हवं तर.

ठाणेकर७१
मला सुलभाताईंचं पटतं. मुख्य फाईलच्या बाहेर असेल तर त्रास कुणाला होतो?

जुना_विमेकरी
संकेतस्थळावर फाईलच्या आकाराची मर्यादा असते ती बघून ठरवा. ताईंचा मार्गही चुकीचा नाही, फक्त ती फाईल शेवटी आणि तिच्या नावातच 'बिले' हवं, म्हणजे कुणी चुकून तिथून वाचायला सुरुवात करणार नाही.

मुक्ता_पुणे
सगळ्यांचं वाचून ही सूची केली आहे. बघा बरं.

तक्रारपत्र आणि एक पानी तारखांचा तक्ता, पान 1 ते 4.
जोडपत्र 1: कंपनीच्या तक्रार कक्षाला ईमेल, 5 फेब्रुवारी 2025.
जोडपत्र 2: कंपनीचं अंतिम उत्तर, 3 मार्च 2025.
जोडपत्र 3: दावा नाकारल्याचं पत्र, 20 जानेवारी 2025.
जोडपत्र 4: पॉलिसीपूर्व तपासणी, मे 2021, बीपी 124/80.
जोडपत्र 5: फॅमिली डॉक्टरांचा कागद, 17 सप्टेंबर 2022, टाईप केलेल्या मजकुरासह.
जोडपत्र 6: डिस्चार्ज समरी, आणि केस पेपरचं ॲडमिशन व हिस्ट्रीचं पान.
जोडपत्र 7: उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र.
जोडपत्र 8: पॉलिसीचं शेड्यूल, प्रस्तावपत्र आणि अटींची पुस्तिका.
जोडपत्र 9: अंतिम बिल व पावती.

तक्रारीत प्रत्येक वाक्यामागे 'जोडपत्र 4, पान 11' असं लिहिलंय. एकूण 38 पानं झाली, पण त्यातली वीस एकट्या पुस्तिकेची आहेत.

जुना_विमेकरी
छान झालंय. तीन सूचना. पुस्तिका सगळी नको. नकारपत्रात ज्या कलमाचा क्रमांक दिलाय ते पान, त्या शब्दाची व्याख्या ज्या पानावर आहे ते, आणि मुखपृष्ठ. मुखपृष्ठ यासाठी की पुस्तिका कोणत्या वर्षाची ते दिसलं पाहिजे. अटी नूतनीकरणाला बदलतात. काकांना भरती केलं ती तारीख जून 2024 ते जून 2025 च्या पॉलिसीत येते, तर पुस्तिका त्याच वर्षाची हवी. लोक हमखास 2021 ची जोडतात, कारण तीच छापील मिळालेली असते.

दुसरं, प्रस्तावपत्र जोडपत्र 8 मधून काढून 4 च्या आधी आणा. लपवलं की नाही हा वाद आहे, तर काकांनी 'बीपी आहे का' या प्रश्नापुढे काय लिहिलं ते आधी दिसू दे, मग तपासणीचा रिपोर्ट.

तिसरं, ईमेल स्क्रीनशॉट नको. ईमेलमधून प्रिंट करून पीडीएफ करा, म्हणजे पाठवणारा, घेणारा, तारीख, वेळ सगळं येतं. उत्तराखाली जुने ईमेल पुन्हा पुन्हा येतात, ती पानं गाळा.

ठाणेकर७१
पाननंबर सगळ्यात शेवटी टाका, क्रम पक्का झाल्यावर. प्रस्तावपत्र वर गेलं की तुमचे सगळे संदर्भ सरकणार. आणि आधार कार्ड जोडणार असाल तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत.

मुक्ता_पुणे
होय, संदर्भ पुन्हा तपासते. पुस्तिका मी 2021 चीच घेतली होती! 2024 ची कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवली, त्यात कलमाचा क्रमांकच वेगळा आहे. नकारपत्रात मात्र जुनाच क्रमांक दिलाय.

जुना_विमेकरी
मग दोन्ही वर्षांची ती पानं जोडा, शेजारी शेजारी, आणि तक्रारीत एका वाक्यात हा फरक नोंदवा. क्रमांक चुकला म्हणून नकार आपोआप रद्द होत नाही, पण नकारपत्र कोणत्या वर्षाच्या अटींवर लिहिलं हा प्रश्न कंपनीला त्यांच्या नोटमध्ये सोडवावा लागेल.

रेवाकाठ
नवा धागा काढलाय. पण एक विचारतो, तक्रार दिल्यावर नवीन कागद सापडला तर तो मधे घुसवायचा का?

ठाणेकर७१
नाही. शेवटी पुढचा क्रमांक देऊन, पाननंबर पुढे चालू ठेवून, एक छोटं पत्र वर लावून द्यायचा. मधे 4अ, 4ब केलं की त्यांच्याकडची प्रत आणि तुमची प्रत जुळत नाही.

सुलभाताई
मुक्ता, बिलांची वेगळी पीडीएफ करतेस ना?

मुक्ता_पुणे
करतेय ताई, शेवटी, नावात 'Bills' लिहून.